पाकिटावरचे शून्य आणि त्याच्या वरच्या ओळीतला आकडा

तळलेल्या नमकीनच्या पाकिटावर दर्शनी भागी हल्ली एक शून्य मोठ्या अभिमानाने झळकते: ट्रान्स फॅट शून्य. पाकीट उलटले की त्याच शून्याच्या एक ओळ वर, बारीक टायपात, संपृक्त मेदाचा आकडा असतो. तो सहसा कोणी वाचत नाही. वाचला तरी त्याचे काय करायचे, हे ठाऊक नसते. वास्तविक, भारतात आज विकल्या जाणाऱ्या शेव-भुजियाच्या पाकिटावर सर्वांत कमी माहिती देणारा आकडा ते शून्य आहे आणि सर्वांत बोलका आकडा त्याच्या वरचा आहे. मात्र तो एकटा बोलत नाही. त्याला त्याच्याही वरच्या ओळीने, म्हणजे एकूण मेदाच्या आकड्याने, भागावे लागते.

शून्याचा मान कमी का झाला, ते आधी पाहू. ट्रान्स मेदाम्ल म्हणजे काही परके रसायन नव्हे. तेलातील असंपृक्त मेदाम्लाच्या साखळीत जिथे कार्बनचा दुहेरी बंध असतो, तिथे निसर्गतः साखळीची दोन्ही टोके बंधाच्या एकाच बाजूला राहतात आणि साखळीला कोपरासारखा बाक येतो. बाकदार साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून रचल्या जाऊ शकत नाहीत. म्हणून तेल पातळ राहते. तीच टोके विरुद्ध बाजूंना गेली की साखळी जवळजवळ सरळ होते, आणि तेच रेणुसूत्र असलेला पदार्थ घट्ट होतो. ओलेइक आम्ल सुमारे १३ अंश सेल्सिअसला वितळते. त्याचेच ट्रान्स रूप, इलेडिक आम्ल, सुमारे ४५ अंशांना. आणि दुहेरी बंधच नसलेले, पूर्ण संपृक्त असे त्याच लांबीचे स्टिअरिक आम्ल सुमारे ७० अंशांना. अणू तेच, कार्बनची संख्या तीच. बदलतो तो साखळीचा आकार आणि फार तर दोन हायड्रोजन.

निकेलच्या उत्प्रेरकावर तेलातून हायड्रोजन सोडून ते अर्धवट घट्ट करण्याची प्रक्रिया नेमकी या तिन्हींचे मिश्रण तयार करते. वनस्पती तूप असे बनत असे. ते स्वस्त होते, सहज खवट होत नसे, आणि त्यात तळलेला पदार्थ हाताला कोरडा लागे. हृदयविकाराशी असलेला ट्रान्स मेदाचा संबंध स्पष्ट होत गेला, तसतशी भारतातील कायद्याची मर्यादाही उतरत गेली: तेल आणि मेदपदार्थांतील प्रमाण आधी १० टक्के, मग ५, २०२१ मध्ये ३, आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. त्याच दिवसापासून हीच २ टक्क्यांची मर्यादा तेल-तूप वापरून केलेल्या खाद्यपदार्थांतील मेदालाही लागू झाली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे हे काम खरोखर चांगले झाले, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण त्याचा अर्थ असा, की आजचे शून्य हे मुख्यतः कायदा पाळल्याचे चिन्ह आहे. १०० ग्रॅम भुजियात ४० ग्रॅम मेद असेल, तर कायद्याने त्यात औद्योगिक ट्रान्स मेद ०.८ ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही. ‘ट्रान्स फॅट मुक्त’ म्हणवून घेण्याची अट याहून कडक आहे: १०० ग्रॅम पदार्थात ०.२ ग्रॅमपेक्षा कमी. ती पाळणे कौतुकास्पद आहे यात शंका नाही, कारण तेल शुद्ध करताना वास घालवण्यासाठी ते २०० अंशांच्या वर तापवले जाते तेव्हाही थोडे ट्रान्स मेदाम्ल तयार होतेच. परंतु एका पाकिटात ०.१ आणि दुसऱ्यात ०.३ असा फरक पाहून निवड करणाऱ्याने शेजारीच असलेला दहा-पंधरा ग्रॅमचा फरक दुर्लक्षिलेला असतो.

तो फरक आला कुठून, हे सांगायला फार तर एक वाक्य पुरे. घट्टपणा आणि टिकाऊपणा पूर्वी ट्रान्स साखळ्यांकडून मिळत होता; तो आता मोठ्या प्रमाणावर संपृक्त साखळ्यांकडून मिळतो, आणि त्यांचा सर्वांत स्वस्त पुरवठादार पामचे फळ आहे.

आता पाकीट उलटू. घटकद्रव्यांच्या यादीत बहुधा असे काही लिहिलेले आढळते: ‘खाद्य वनस्पती तेल (सरकी, मका व पामोलीन तेल)’. पुष्कळ वाचक येथेच एका शब्दाला अडखळतात. मराठीत ‘वनस्पती’ म्हटले की पिवळ्या डब्यातले तूप आठवते. येथे तो अर्थ नाही. ‘खाद्य वनस्पती तेल’ म्हणजे केवळ झाडाझुडपांपासून मिळालेले तेल, आणि नियमानुसार त्यापुढे त्या विशिष्ट तेलाचे नाव देणे आवश्यक आहे. हायड्रोजनेशन केलेला मेद वापरला असेल, तर तो वेगळ्या नावाने सांगावा लागतो. येथेही एक बारकावा आहे: पूर्ण हायड्रोजनेशन केलेल्या मेदात ट्रान्स जवळजवळ उरतच नाही, सारे काही संपृक्त होते. ट्रान्स तयार करते ती अर्धवट प्रक्रिया. म्हणजे ‘हायड्रोजनेटेड’ हा शब्द वाचून दचकण्यापूर्वी दोन्ही आकडे पाहायला हवेत.

कंसातल्या तेलांचे स्वभाव मात्र अगदी भिन्न आहेत. पामतेल थंड करून त्याचा घट्ट भाग वेगळा काढला, की उरणारा पातळ भाग म्हणजे पामोलीन. पातळ असला तरी त्यातील सुमारे ४५ टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, आणि त्यांत पामिटिक आम्ल मुख्य असते. सरकीच्या तेलात हे प्रमाण सुमारे २६ टक्के, शेंगदाणा तेलात १८ ते २०, मक्याच्या तेलात सुमारे १३, सूर्यफुलाच्या तेलात ११-१२. पीक, वाण आणि प्रदेश यांनुसार यांत थोडा चढउतार होतो. पण पामोलीन आणि सूर्यफूल यांच्यातील दरी कोणत्याही वाणाने भरून निघत नाही. म्हणूनच संपृक्त मेदाला एकूण मेदाने भागले की येणारे गुणोत्तर तेलाच्या ओळखपत्रासारखे काम करते.

या भागाकारामागे एक गृहीतक दडलेले आहे, ते उघड करणे बरे. कढईतले तेल आणि पदार्थात शिरलेले तेल यांची जडणघडण सारखीच असते, असे ते गृहीतक. ते खरे का, याचे उत्तर तळण्याच्या क्रियेत आहे. शेवेची धार गरम तेलात पडली की पिठातले पाणी वाफ होऊन जोराने बाहेर पडते. ती वाफ बाहेर पडत असते तोवर तेलाला आत वाव नसतो. झाऱ्याने घाणा बाहेर काढला की वाफ निवते, छिद्रांतला दाब उतरतो, आणि पृष्ठभागाला चिकटलेले तेल आत ओढले जाते. हे शोषण म्हणजे केशिकांनी द्रव खेचून घेणे आहे. कोणती साखळी घ्यावी आणि कोणती सोडावी अशी निवड त्यात होत नाही. शेव जितकी बारीक, तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक. म्हणून बारीक शेवेत आणि भुजियात ३५ ते ४० टक्के मेद आढळणे विशेष नाही.

उदाहरण म्हणून बिकानेरी पद्धतीची भुजिया घेऊ. मटकीचे पीठ आणि बेसन हा तिचा आधार. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. समजा पाकिटावर दर १०० ग्रॅममागे एकूण मेद ४० ग्रॅम, संपृक्त मेद १५ ग्रॅम, ट्रान्स मेद ०.१ ग्रॅम असे लिहिले आहे; आणि तेलांची नावे वर दिलेल्या क्रमाने, म्हणजे सरकी, मका आणि शेवटी पामोलीन अशी आहेत. वाचणाऱ्याचा सहज ग्रह होईल, की पामोलीन नावापुरते असावे.

आधी पिठाचा वाटा वजा करू. मटकीत मेद दीड-दोन टक्के, बेसनात पाच-सहा टक्के. १०० ग्रॅम भुजियात पन्नास-पंचावन्न ग्रॅम पीठ धरले, तर त्याचा स्वतःचा मेद जेमतेम २ ग्रॅम होतो आणि त्यातला संपृक्त भाग ०.३ ग्रॅम. उरले ३८ ग्रॅम तेल, मोहन आणि तळण मिळून, व त्यात १४.७ ग्रॅम संपृक्त मेद. भागाकार ३८.७ टक्के.

एवढे संपृक्त प्रमाण केवळ सरकी आणि मका यांच्या मिश्रणातून येऊच शकत नाही. कारण त्यांतले जास्तीत जास्त प्रमाण सरकीचे, म्हणजे २६ टक्के. मग पामोलीन किती? पामोलीनचा वाटा x मानून आणि दुसरे तेल केवळ सरकीचे आहे असे धरून मांडणी अशी होते:

0.45x + 0.26(1 − x) = 0.387

यातून x सुमारे ०.६७ येतो. दुसरे तेल केवळ मक्याचे धरले, तर ०.२६ च्या जागी ०.१३ ठेवून x सुमारे ०.८० येतो. खरे मिश्रण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असणार. म्हणजे यादीत शेवटी लिहिलेले पामोलीन कढईत दोन-तृतीयांश ते चार-पंचमांश आहे. शिवाय तेलाच्या वजनात ग्लिसरॉलचाही चार-पाच टक्के वाटा असतो, तर संपृक्त मेदाचा आकडा केवळ मेदाम्लांचा असतो. ही दुरुस्ती केली तर पामोलीनचा अंदाज आणखी वरच सरकतो, खाली येत नाही.

कागदाच्या चिठोऱ्यावर मावणारे हे गणित अकरावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. त्याला प्रयोगशाळेतील गॅस क्रोमॅटोग्राफची सर नाही, हे उघडच आहे. त्यातून पामतेल आणि पामोलीन यांतला फरक खात्रीने कळणार नाही, कारण पामतेलाचे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फारच जवळ आहे. त्यातून तीन तेलांचे तीन वेगळे वाटे काढता येणार नाहीत. एका समीकरणातून दोन अज्ञाते सुटत नाहीत. पाकिटावरचे आकडेही सरासरीचे असतात, प्रत्येक घाण्याचे नसतात. पण ‘पामोलीन मुख्य आहे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर या साऱ्या अनिश्चितता धरूनही ठाम राहते.

फसगत होण्याची खरी जागा निराळी आहे, आणि ती म्हणजे शेंगदाणे. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असते, आणि ते मुख्यतः असंपृक्त असते. समजा मसाला शेंगदाण्याच्या एका पाकिटावर एकूण मेद ४२ ग्रॅम आणि संपृक्त मेद १२.६ ग्रॅम आहे. गुणोत्तर ३० टक्के. भुजियाच्या मानाने हे तळण बरे, असे वाटू शकते. पण घटकांच्या यादीत शेंगदाणे ३५ टक्के असे दिलेले असेल, तर त्या ३५ ग्रॅम दाण्यांनी सुमारे १७ ग्रॅम मेद आणि २.६ ग्रॅम संपृक्त मेद स्वतःच आणलेला असतो. उरले २५ ग्रॅम तळणीचे तेल व १० ग्रॅम संपृक्त मेद. म्हणजे ४० टक्के. कढई तीच, तेलही तेच. दाण्यांच्या चांगुलपणाने त्याचा आकडा झाकून टाकला होता. काजू, बदाम किंवा खोबऱ्याचे काप असलेल्या चिवड्यात ही वजाबाकी केल्याशिवाय गुणोत्तराला अर्थ नाही, आणि खोबरे तर आकडा उलट्या दिशेला ओढते, कारण त्याच्या तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त मेद असतो.

याच गणिताचा उपयोग दाव्यांची परीक्षा घेण्यासाठीही होतो. ‘शेंगदाणा तेलात तळलेले’ असे ठळक लिहिलेल्या साध्या शेवेच्या पाकिटावर गुणोत्तर ३५-४० टक्के निघाले, तर त्या तेलात दुसरे काहीतरी मिसळलेले आहे किंवा पोषणमूल्यांचा तक्ता दुसऱ्याच पाकिटावरून उतरवलेला आहे. दोन्हींपैकी एक गोष्ट चुकीची आहे, एवढे घरबसल्या सांगता येते.

पामोलीन म्हणजे विष, असा निष्कर्ष मात्र येथून काढू नये. समाजमाध्यमांवर तो फार झटपट काढला जातो. तळणीच्या कढईत पामोलीनची बाजू अगदीच लंगडी नाही. तेल हवेत तापते तेव्हा त्याचे ऑक्सिडीकरण मुख्यतः दुहेरी बंधांच्या आसपास होते. दोन दुहेरी बंध असलेले लिनोलेइक आम्ल एकच बंध असलेल्या ओलेइकपेक्षा सुमारे दहापट वेगाने बिघडते. सूर्यफूल आणि मका यांत लिनोलेइक भरपूर, पामोलीनमध्ये ते दहा-बारा टक्केच. त्यामुळे दिवसभर तापत राहणाऱ्या कढईत पामोलीन अधिक काळ तग धरते आणि पाकिटातली शेव महिनोन्‌महिने खवट होत नाही. कारखानदार ते केवळ स्वस्त म्हणून वापरतात असे नाही.

आणि बिघडलेल्या तेलाची कोणतीही खूण पोषणमूल्यांच्या तक्त्यात उमटत नाही. वापरलेल्या तेलासाठी २०१८ पासून भारतात एक मर्यादा आहे: त्यातील एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली, की ते तेल तळणीसाठी वापरायचे नाही. ही मोजणी कढईजवळ होते, पाकिटावर नाही. त्यामुळे ११ टक्के संपृक्त मेदाचे तेल वापरूनही कोणी ते पाचव्यांदा तापवलेले असू शकते, आणि तक्ता तरीही निर्मळ दिसेल. संपृक्त मेदाचे गुणोत्तर तेलाची जात सांगते. त्याचे वय सांगत नाही.

मग त्या १५ ग्रॅमचे महत्त्व किती? पाकिटावर त्याचीही सोय आहे. एका वाढीमागे दैनिक गरजेचा किती टक्के भाग मिळतो हे द्यावे लागते, आणि त्यासाठी संदर्भ धरला आहे २००० किलोकॅलरीच्या आहाराचा: एकूण मेद ६७ ग्रॅम, संपृक्त २२ ग्रॅम, ट्रान्स २ ग्रॅम. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. २००० किलोकॅलरीचे ३० टक्के म्हणजे ६००. मेदाच्या एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी धरल्या की ६७ ग्रॅम. १० टक्के म्हणजे २००, अर्थात २२ ग्रॅम. १ टक्का म्हणजे २०, अर्थात साधारण २ ग्रॅम. पहिला आकडा पुरेसे किती ते सांगतो. पुढचे दोन मात्र ‘गरज’ नसून कमाल मर्यादा आहेत. एकाच स्तंभात, एकाच शीर्षकाखाली ते बसवल्यामुळे संपृक्त मेदाचे २० टक्के आणि प्रथिनांचे २० टक्के सारखेच शुभ भासू लागतात.

आपल्या भुजियाची ३० ग्रॅमची वाढी घेतली, तर संपृक्त मेद ४.५ ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या २० टक्के, ट्रान्स ०.०३ ग्रॅम, म्हणजे दीड टक्का. तीस ग्रॅम म्हणजे ओंजळ नव्हे, जेमतेम मूठभर. वसतिगृहाच्या खोलीत २०० ग्रॅमचे पाकीट दोघांनी फोडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १५ ग्रॅम, मर्यादेच्या दोन-तृतीयांशाहून अधिक, आणि अजून जेवण व्हायचे आहे. त्याच दोघांच्या पोटात गेलेला ट्रान्स मेद प्रत्येकी ०.१ ग्रॅम. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत कोणत्या आकड्याचे नाव आहे, ते पुन्हा पाहावे.

जुलै २०२४ मध्ये प्राधिकरणाने साखर, मीठ आणि संपृक्त मेद यांची माहिती ठळक आणि मोठ्या अक्षरांत देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. प्रस्ताव योग्य आहे. पण अक्षर मोठे केल्याने तेलाचे प्रमाण कळत नाही, आणि खरी उणीव तीच आहे. गंमत अशी, की कायद्याला हे प्रमाण विचारता येत नाही असे मुळीच नाही. दोन तेलांचे मिश्रण करून ते बाटलीत भरून विकायचे असेल, तर कोणते तेल वजनाने किती टक्के आहे हे बाटलीवर छापावेच लागते. तीच दोन तेले कढईत एकत्र ओतली, त्यांत पीठ तळले आणि ते पाकिटात भरले, की टक्केवारी नाहीशी होते आणि उरतो एक कंस. त्या कंसात ‘पुढीलपैकी एक किंवा अधिक’ अशा अर्थाचे शब्द असले, तर तोही कंस रिकामाच समजावा.

बाजारभाव बदलले की मिश्रण बदलते, प्रत्येक वेळी पाकीट नव्याने छापणे परवडत नाही, अशी उद्योगाची अडचण सांगितली जाते. ती खोटी नाही. पण मिश्रण बदलले की संपृक्त मेदही बदलतो, आणि तो आकडा तर पाकिटावर छापलेलाच असतो. पामोलीन दोन-तृतीयांशावरून एक-तृतीयांशावर आणले, उरलेल्या जागी मका घातला, तर वरच्या भुजियातला १५ ग्रॅमचा आकडा ११ च्या खाली जायला हवा. तो वर्षानुवर्षे १५ च राहत असेल, तर एक तर मिश्रण बदलत नाही आणि टक्केवारी छापायला हरकत नाही, किंवा मिश्रण बदलते आणि छापलेला आकडा त्यातल्या एखाद्याच घाण्यापुरता खरा आहे. टक्क्यांऐवजी किमान ‘पामोलीन ६० ते ८० टक्के’ असा पल्ला छापायला सांगता येईल. त्याने कोणाचे पाकीट दर महिन्याला बदलणार नाही, आणि ग्राहकाला समीकरण सोडवत बसावे लागणार नाही.